झी५वर दिसली म्हणून वेब सिरीज? प्रश्न तपासतानाचा माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर हिवाळ्यात वाचनालयाची प्रश्नमंजूषा होते. मनोरंजनाचे प्रश्न मी काढतो. दोन वर्षांमागे मी विचारलं, ‘झी५वरची मुक्ता बर्वे यांची वेब सिरीज कोणती?’ माझ्या कागदावर उत्तर होतं ‘रुद्रम’. एका संघानं तेच सांगितलं आणि मी गुण दिले. तेवढ्यात दुसऱ्या संघातल्या काकू उभ्या राहिल्या.

‘अजी सर, रुद्रम तं आम्ही टीव्हीवर पाह्यली. झी युवावर. तवा आमच्या घरी असा मोबाइलच नव्हता.’

काकूंचं बरोबर होतं. मी ते गुण मागे घेतले, पण त्या पोरांचे चेहरे पाहून फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हतीच, प्रश्नानंच त्यांना फसवलं होतं. घरी येऊन मी जुने सगळे प्रश्न काढले आणि ज्या ज्या प्रश्नात अ‍ॅपचं नाव होतं, तो बाजूला ठेवला.

गोंधळाचं मूळ आमच्या राहणीतही आहे. संध्याकाळी लाइन जाते, मालिकेचा भाग बुडतो, मग दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवर पाहायचा. त्यामुळे मोबाइलवर दिसेल त्याला सरसकट ‘वेब सिरीज’ म्हणायची सवय लागली. पण झी५वर झी मराठी आणि झी युवाच्या मालिकाही असतात आणि खास अ‍ॅपसाठी केलेल्या सिरीजही. महेश मांजरेकरांची ‘काळे धंदे’ ही दुसऱ्या प्रकारातली. म्हणजे अ‍ॅपचं नाव फक्त कुठे पाहता येईल तेवढं सांगतं. कशासाठी बनली, ते सांगत नाही.

म्हणून मी प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट शोधायची ठरवली: पहिल्यांदा कुठे दाखवली? ‘रुद्रम’ लगेच सुटली. ती 2017 मध्ये झी युवावर लागली आणि झी५ सुरू झालं फेब्रुवारी 2018 मध्ये. जे अ‍ॅप तेव्हा नव्हतंच, त्यासाठी मालिका बनणार कशी? मला चकवलं होतं तिच्या घाटानं. काही महिन्यांत संपणारी, एकाच कथेची रहस्यकथा, ती आजच्या वेब सिरीजसारखीच वाटते. तेव्हापासून छोटी आहे की लांबलचक, यावर मी काहीच ठरवत नाही.

सालाची युक्ती ‘रात्रीस खेळ चाले’पाशी मात्र अडली. पहिला भाग 2016 चा, तो ठीक. पण दुसरा 2019 चा आणि तिसरा 2021 चा, म्हणजे दोन्ही झी५ आल्यानंतरचे. त्यात तीन भाग म्हणजे तीन सीझन, असंही कुणी म्हणेल. इथे साल सोडून प्रसारण पाहावं लागलं. तिन्ही भाग झी मराठीवर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारी लागायचे. म्हणजे मालिकाच.

नटांच्या नावावर जाऊन तर अजिबात भागत नाही. तेजस्विनी पंडित झी मराठीच्या ‘100 डेज’मध्ये होत्या आणि 2022 मध्ये प्लॅनेट मराठीच्या ‘रानबाजार’मध्येही. पहिली मालिका, दुसरी वेब सिरीज.

भाषेचाही एक फास निघाला. ‘एक थी बेगम’ हे नाव हिंदी म्हणून मी ती मराठीतून वगळली होती, पण ती मूळ मराठीतच बनलेली, एमएक्स प्लेअरसाठी. उलट एका पोरानं ‘समांतर’ हिंदीत डब केलेली पाहिली होती आणि तो तिला हिंदीच समजत होता. मग ‘मूळ भाषा’ असा एक रकाना वाढवला.

शेवटी प्रश्नांची भाषा बदलली. ‘झी५वरची’ हा शब्द मी कुठेच ठेवला नाही, कारण ‘वरची’चे दोन अर्थ निघतात. अ‍ॅपसाठी बनली असेल तर ‘एमएक्स प्लेअरसाठी बनलेली’ लिहितो. मालिका असेल तर वाहिनीचं नाव देतो आणि अ‍ॅप गाळतो. शिवाय अ‍ॅपचं त्या वेळचंच नाव लिहितो. कलर्स मराठीच्या मालिका आधी वूटवर होत्या, मग जिओसिनेमावर, आता जिओहॉटस्टारवर. वाहिनीचं नाव धरलं की ही भानगडच उरत नाही. जिथे पहिलं प्रसारण पक्कं सापडलं नाही, ते प्रश्न काढून टाकले.

यंदा तोच प्रश्न परत ठेवला: ‘2017 मध्ये झी युवावर लागलेली, मुक्ता बर्वे यांची प्रमुख भूमिका असलेली मालिका कोणती?’ काकू पहिल्याच रांगेत होत्या. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आतच त्यांचा हात वर गेला.