एकेरी फट, नोंद पाचवी: मधल्या पट्टीचा तीन टक्क्यांचा घोळ सुटला

मागच्या नोंदीत अडलेलं गाडं हललं. लेसरचा उजेड बारीक फटीतून गेला की विवर्तनाने पडद्यावर उजळ आणि काळ्या पट्ट्यांची नक्षी उमटते, आणि तिच्या मापांवरून फटीची रुंदी काढायची, हा आमचा खटाटोप. मधल्या उजेडाच्या रुंदीवरून फट ०.१०९ मिमी निघत होती आणि बाहेरच्या काळ्या पट्ट्यांवरून ०.११२. फट एक, लेसर एक, पडदा एक, आणि उत्तरं दोन. तीन टक्क्यांचा फरक किरकोळ म्हणून सोडून देता आला असता, पण तो दर वेळी त्याच बाजूला येत होता. चुका अशा शिस्तीत येत नाहीत.

मांडणी तीच आहे. माजघरात दोन चिरे एकावर एक, त्यावर ३ व्होल्टचं लाल लेसर मॉड्यूल आणि पुढे दोन ब्लेडांची फट. पडदा पडवीच्या टोकाला, फटीपासून बरोबर ३००० मिमी. जांभ्याचा चिरा बाजारातल्या कुठल्याही हलक्या ॲल्युमिनियम स्टँडपेक्षा बरा, जागचा हलत नाही. लेसरचा ठिपका लांबट असतो, त्याची लांबी फटीच्या दिशेनेच ठेवली आहे. सीडीच्या बारीक ओळी लेसरला ठरावीक कोनात वळवतात, त्यावरून त्याची तरंगलांबी पुन्हा काढली: ३०० मिमीवर पहिला ठिपका १३४.६ मिमी बाजूला पडला, कोन २४.१७ अंश, सीडीच्या ओळींतलं अंतर १.६ मायक्रॉन धरून ६५५ नॅनोमीटर. सीडीगणिक हे अंतर थोडं बदलतं, तेव्हा त्यातल्या शेवटच्या आकड्यासाठी भांडू नये.

आता संशयितांची यादी. पहिला संशय कागदावर होता. आषाढात आलेख कागद दमट हवेने फुगतो. स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिलं तर कागदावरचे २०० मिमी प्रत्यक्षात २०१ भरले. मग पडदा किंचित तिरका असल्याचा संशय, मग तरंगलांबीचा. या तिन्हींवर दोन रात्री गेल्या, आणि त्या वाया गेल्या म्हणायला हरकत नाही. कागद फुगला तर मधली पट्टी आणि बाहेरच्या पट्ट्या एकाच प्रमाणात चुकतील. तरंगलांबी चुकली तरी तसंच. इतक्या लहान कोनात तिरक्या पडद्याचंही तेच. यांनी फटीची रुंदी चुकेल, पण दोन उत्तरांत भांडण लागणार नाही. हे कागद बदलण्याआधी सुचायला हवं होतं. (कागद तरीही काढून टाकला, आता सरळ स्टीलची पट्टी लावली आहे.)

फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, म्हणजे पाचरीसारखी, तर? ती असती तर काळ्या रेषा उभ्या न राहता पंख्यासारख्या फाकल्या असत्या. आमच्या रेषा उभ्याच आहेत, म्हणून तोही सुटला.

राहिलं ते फक्त पहिल्या काळ्या पट्टीला लागू पडणारं काहीतरी. गुन्हेगार तिथेच सापडला: पट्टीचा मध्य धरण्याची आमची पद्धत. काळी पट्टी दिसते, तिच्या दोन कडा बघून मधोमध खूण करायची, असं चाललं होतं. पण पहिल्या काळ्या रेषेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. आमच्या मांडणीत रेषेपासून २.८ मिमी आत, म्हणजे मधल्या उजेडाकडे, प्रखरता मध्याच्या ३.३ टक्के असते, आणि तेवढंच बाहेर गेलं तर १.७ टक्के. आतली बाजू जवळजवळ दुप्पट उजळ. साहजिकच डोळ्याला काळी पट्टी आतल्या अंगाने लवकर संपते, बाहेर लांबते, आणि तिचा मध्य बाहेर सरकतो. त्यात मधल्या झगझगाटाचा उजेड डोळ्यातच पसरतो आणि सगळं आणखी बाहेर ढकलतो. पाचव्या काळ्या रेषेशी हाच फरक जेमतेम १४ टक्के, म्हणून तिकडे खूण नीट बसते. ३ टक्क्यांपर्यंत उजळ भाग 'काळा' वाटला, तर पहिली रेषा हिशेबाने सुमारे ४ टक्के बाहेर दिसते, १ टक्क्यापर्यंत वाटला तर जेमतेम १ टक्का. आमची चूक या दोन्हींच्या मधे बसते.

उपाय साधा निघाला. पडद्याच्या मध्यभागी २८ मिमी रुंदीची खिडकी कापली आणि मागे काळं कापड टांगलं. मधला झोत त्यातून आरपार जातो. २८ हा आकडा हवेतून आलेला नाही: मधल्या पट्टीच्या ८० टक्के रुंदीची खिडकी ठेवली की कडेला उरणारी प्रखरता सुमारे साडेपाच टक्के असते, आणि बाजूची पहिली उजळ पट्टी पावणेपाच टक्के. म्हणजे काळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखा उजेड. डोळे अंधाराला दहा मिनिटं सरावू दिले की काळी पट्टी बारीक होते आणि खूण करायला जागाच कमी उरते. गावातली वीज गेली की काम अधिक छान होतं, लेसर सेलवर चालतो.

नवी मापं, नेहमीप्रमाणे डाव्या रेषेपासून उजव्या रेषेपर्यंत. मध्यापासून मोजू नये, मध्य नेमका कुठे हे कुणालाच ठाऊक नसतं. पहिली जोडी ३५.२ मिमी (आधी ३६.२ होती!), दुसरी ७०.३, तिसरी १०५.२, चौथी १४०.५, पाचवी १७५.३. दुसरीपासून पाचवीपर्यंत सरळ रेषा बसवली तर दर क्रमांकाला ३५.०३ मिमी. a ही फटीची रुंदी, θ काळ्या रेषेचा कोन, m तिचा क्रमांक आणि λ तरंगलांबी धरली तर a sinθ = mλ वरून फट ०.११२ मिमी, आणि मधल्या पट्टीच्या ३५.२ वरूनही ०.११२. दोन्ही आकडे अर्ध्या टक्क्यात आले.

कोनात सांगायचं तर पहिली काळी रेषा ०.३३५ अंशावर, पाचवी १.६८ अंशावर, आणि मधल्या उजेडाची पूर्ण रुंदी ०.६७ अंश. बाजूच्या पट्टीच्या ती दुप्पट, कारण शून्य क्रमांकाला काळी रेषा नसतेच. क्रमांक मोजताना तिथेच एक जास्त धरला जातो, मागे दोघांनी पाठवलेल्या तक्त्यांत हीच चूक होती.

फट लावताना ब्लेडांच्या मधे फीलर गेजचं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाचं, पातं मात्र ०.१० मिमीचं धरलं होतं. पातं ओढून काढून स्क्रू आवळताना ब्लेड सरकलं असणार. गेजवर विसंबून फट 'ठरवू' नये, विवर्तनच जास्त खरं सांगतं. ब्लेडं स्टेनलेसचीच घ्या, साध्या पोलादाची खाऱ्या वाऱ्यात आठवड्यात धारेवर गंजाचे दाणे धरतात आणि नक्षीत आडवेतिडवे ओरखडे उठतात. आणि ब्लेडवरून परतणारा लेसर डोळ्याच्या उंचीवर येत नाही ना, हे दर वेळी बघा.

पुढचा बेत फोटोडायोड सरकवत प्रखरता मोजायचा होता. पण हे लिहितानाच वाटतंय की आधी फटीच्या जागी एक केस ताणून लावावा. काळ्या रेषांचं सूत्र तेच, फक्त न वळलेला झोत थेट मध्यावर येतो, म्हणजे झगझगाट याहून कितीतरी जास्त. खिडकीचा पडदा तिथेच खरा कामी येईल. साधारण ०.०७ मिमीच्या केसाला पहिली जोडी ५६ मिमीवर यायला हवी, म्हणजे खिडकी ४५ मिमीची कापावी लागेल. पुठ्ठा दमटाने वाकतोय, या वेळी पत्र्याची करतो.