आतल्या गोटाचा चहा

मोठ्या कारखान्यात निदान नोटीस बोर्ड असतो, युनियन असते, एचआरच्या दारावर चिकटवलेला एखादा कागद असतो. आठ-दहा माणसांच्या ऑफिसात यातलं काहीच नसतं. तिथे असतो तो चहा. आमचं ऑफिस नाशकात द्वारकेच्या अलीकडे, काम द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रं करायचं. सव्वाअकराच्या सुमारास चार खुर्च्या मागे सरकतात. "चला" असं कोणी म्हणत नाही, कारण ज्यांनी चलायचं त्यांना ते ठाऊकच असतं. खाली टपरीवर जाऊन ही मंडळी परत येतात तेव्हा आज साहेबांचा मूड कसा आहे, शनिवारी कोणाला सोडणार आणि कोणती बोट पुढे-मागे झालीय, हे त्यांना माहीत झालेलं असतं. उरलेल्यांना ते कळतं, पण संध्याकाळी.

या चौकडीचे म्होरके म्हणजे दादा. वयानं मोठे, कामाला पक्के, साहेबांच्या पहिल्या दिवसापासूनचे. शिपिंग लाइनचे सगळे मेल ज्या एका आयडीवर येतात त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे. ते कधी खोटं बोलत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. खोटं बोलायची गरजच पडत नाही, उशिरा सांगितलं की भागतं. लासलगावच्या बाजूचा शेतकरी कांदा चाळीत ठेवून भाव बघतो, तशी दादा बातमी ठेवून घेतात. फरक एवढाच की कांदा पुढे महाग होऊ शकतो. आमच्या धंद्यातली बातमी मात्र दुपारनंतर कोणाच्या कामाची राहत नाही.

फेब्रुवारीतला माझा एक कंटेनर सांगते. माल दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये. ठरलेला बेत असा, की बुधवारी संध्याकाळी सातला लोडिंग सुरू करायचं, नऊच्या आसपास ट्रेलर सोडायचा, कसारा घाट उतरून पहाटे न्हावाशेवा. बंदराचं गेट त्या बोटीसाठी गुरुवारी दुपारी बंद होणार होतं, म्हणजे हाताशी भरपूर वेळ. बुधवारी सकाळी अकराला लाइनचा मेल आला की बोट लवकर लागतेय आणि गेट बुधवारीच मध्यरात्री बंद होईल. सीझनमध्ये हे नवीन नाही, वेळा सतत हलतात. त्या चहावर ही बातमी फुटली. चौघांपैकी एकाचा कंटेनर त्याच बोटीवर होता. त्यानं वर येऊन लगेच पॅकहाऊसला फोन लावला आणि तीनपर्यंत ट्रेलर हलवला. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला तो साडेचारनंतर. माझा बहुतेक माल कोल्ड स्टोअरेजमध्ये तयार होता, अकराला कळतं तर तीनची गाडी मलाही जमली असती. साडेचारला कळल्यावर वीस पॅलेट चढवून, सील करून मध्यरात्रीच्या आत बंदरावर पोहोचणं कोणालाच जमलं नसतं. कंटेनर पुढच्या बोटीवर गेला. तोवर आठवडाभर विजेवर लावून ठेवायचा खर्च, वर खरेदीदाराची कुरकुर, आणि ऑफिसात सगळ्यांसमोर दादांचं एक वाक्य : "ग्रुपवर टाकलं होतं की, मॅडम!"

या वाक्याला उत्तर नसतं. मेसेज खरंच टाकलेला असतो, वेळेसकट. अशा वेळी हा विसरभोळेपणा की डाव, हे ठरवायचं कसं? मी मेल आल्याची वेळ आणि मेसेज पडल्याची वेळ शेजारी शेजारी मांडायला लागले. दादा खरंच विसरत असते, तर कधी त्यांच्याच माणसांना उशीर झाला असता, कधी मला. इथे उशीर दर वेळी त्याच दोन टेबलांवर यायचा : माझ्या, आणि नव्यानं लागलेल्या एका पोराच्या.

साहेबांकडे गेले होते. त्यांनी नाशिककरी मृदुपणानं सांगितलं, "तुम्ही आपसात बघून घ्या ना." खरं तर हा सगळा कारभार त्यांनीच उभा केलाय. पाच जणांना सांगायचा कंटाळा, म्हणून एकाला सांगायचं. रात्री अकराला फोन करायचा तोही त्याच एकाला. दादा तो उचलतात, हेही तितकंच खरं. अशा माणसाच्या हातात चावी आली म्हणून नवल वाटायला नको.

मग मी चहाचा नाद सोडला आणि बातमी जिथून निघते तिकडे गेले. हे इतकं सोपं निघालं की थोडं हसूच आलं. बुकिंग करतानाच लाइनला कळवायचं, की वेळापत्रकातले बदल माझ्या आयडीवरही पाठवा. ते पाठवतात, त्यांचं काय जातंय? शिवाय बोटींच्या वेळा शिपिंग लाइनच्या साइटवर कोणालाही बघता येतात. मी आता सकाळी पहिल्यांदा तेच बघते. आणि खरी खबर असते ती न्हावाशेव्यातल्या कस्टम एजंटकडच्या पोराकडे आणि ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरभाऊंकडे. गेटबाहेर रांग किती, हे त्यांना लाइनच्याही आधी कळतं. त्यांच्याशी माझी ओळख पातळच, हंगामापुरती. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली नेमकं हेच मांडलं होतं, की रोजच्या जिवलगांना आपल्याइतकंच माहीत असतं, नवीन काही येतं ते लांबच्या ओळखीतून. टपरीवरच्या चौघांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. रोज एकमेकांशीच बोलून बोलून चौघांकडे एकच बातमी असते.

दुसरी गोष्ट मी केली ती जरा खट्याळ होती. मला काहीही कळलं की त्याच मिनिटाला ग्रुपवर टाकायचं, दादांना धरून सगळ्यांसाठी. अकरा पाचला सगळ्यांना कळलेल्या गोष्टीला सव्वाअकराच्या चहावर काय भाव मिळणार?

उपकारांचं प्रकरण मात्र जास्त चिवट. हक्काची अर्धी रजासुद्धा आमच्याकडे "दादांनी मॅनेज केली" अशी मिळते, आणि एकदा मॅनेज केलेली रजा वर्षभर फेडावी लागते. कधी त्यांच्या माणसाचं किचकट बिल आपल्या टेबलावर येतं, कधी रविवारची ड्यूटी. म्हणून मी रजा तोंडी मागायची बंद केली. साहेबांना दोन ओळींचा मेल, त्यांचं "ओके" आलं की संपलं. दादांना ते लागलं. काही दिवस फायटोच्या फाइली माझ्यापर्यंत येताना वाटेतच रेंगाळायच्या. कृषी विभागाचं ते सर्टिफिकेट नसेल तर तिकडे माल उतरत नाही, त्यामुळे मी स्वतः उठून त्यांच्या टेबलावरून फाइल उचलून आणायचे. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त "घेते हं दादा."

हे सगळं चालतं ते जे कुठेतरी लिहिलं जातं त्याच्यापुरतं. पगारवाढ कुठे लिहिली जात नाही. ती साहेबांच्या गाडीत, पिंपळगावच्या वाटेवर ठरते, आणि त्या गाडीत शेजारच्या सीटवर कोण बसतं हे सांगायला नको. तिथे माझी मात्रा चाललेली नाही. शिवाय रविवारच्या मिसळीलाही मला बोलावत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मार्चमध्ये मुलीच्या लग्नासाठी दादा रजेवर गेले. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. सव्वाअकराला तिघं खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. त्यातला एक माझ्या टेबलाशी थांबला. "मॅडम, उद्याच्या बोटीचं गेट कधी बंद होतंय, काही कळलं का?"

"सकाळीच ग्रुपवर टाकलंय की," मी म्हटलं, आणि तरीही मेल पुढे पाठवला. तिघांना, नव्या पोराला, आणि सीसीत दादांना.