ते असे हसत नव्हते

फोटो दोन रांगांत उभ्या असलेल्या गटाचा होता. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे, ते तिचे वडील. हनुवटीपासून केसांपर्यंत चेहरा जेमतेम ११ मिलिमीटरचा. त्यांचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता. ती तीन वर्षांची असताना ते गेले, त्यामुळे तिच्यासाठी वडील म्हणजे एवढाच चेहरा.

"सर, मला ते एकदा हसताना बघायचे आहेत," ती म्हणाली. "आईलाही दाखवायचेत, पण तिला आत्ता काही सांगू नका."

जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं काम. मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'डीप नॉस्टॅल्जिया' ही सोय आणली आणि जुन्या फोटोतला माणूस पापणी मिटतो, मान वळवतो हे घराघरांत पोचलं. तेव्हापासून अशी मागणी माझ्याकडेही येते. मी ते करून देतो, पण एक अट घालतो. त्या माणसाला चालताबोलता पाहिलेलं जे कोणी हयात आहे, त्यांना आधी कळलं पाहिजे. अचानक दाखवायचं नाही. तिच्या बाबतीत अशी दोनच माणसं होती, आई आणि धाकटे काका. तिने कुरकुर केली, पण दोघांना सांगितलं. काकांनी लगेच नकार दिला. आई म्हणाल्या, बघू तर खरं.

आधी दुरुस्ती. १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके टिपत, स्कॅन केल्यावर त्या ११ मिलिमीटरचे सुमारे ५२० पिक्सेल झाले. त्याहून वर गेलं की चेहरा वाढत नाही, फक्त कागदाचा पोत मोठा दिसतो. हा कागद तर खडबडीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला होता. स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने पडतो आणि त्या नक्षीची सावली चेहऱ्यावर उतरते. अशा वेळी फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचा, मग दोन्ही प्रती तंतोतंत जुळवून त्यांची सरासरी घ्यायची. सावल्या विरुद्ध दिशांना पडलेल्या असल्याने बऱ्याच विरून जातात.

हनुवटीवर एक गडद ठिपका होता. चेहरे आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर चालवलं तर त्याने तो पुसून टाकला. मी तो परत आणला, कारण छपाईच्या वेळी निगेटिव्हवर धूळ असेल तर ती प्रकाश अडवते आणि प्रिंटवर पांढरा डाग येतो, काळा नाही. आडव्या प्रकाशात भिंगातून पाहिलं तेव्हा ठिपका कागदावर चिकटलेला नव्हता, प्रतिमेतच होता आणि कडा मऊ होत्या. तो तीळ असणार.

ओठांचं मात्र फोटोवरून ठरवता येईना. डावा कोपरा किंचित खाली होता, पण कागदाची भेग नेमकी तिथूनच गेली होती. कोपरा मुळातच तसा होता की भेगेमुळे थर सरकला होता, हे कळायला मार्ग नव्हता. सॉफ्टवेअरला अशी शंका येत नाही. ते हजारो चेहऱ्यांवर शिकलेलं असतं आणि जिथे माहिती अपुरी तिथे त्या चेहऱ्यांसारखं काहीतरी भरतं. या साधनांमध्ये बहुधा एक प्रमाण ठरवता येतं. एका टोकाला चेहरा देखणा होतो, दुसऱ्या टोकाला मूळ फोटोशी इमान राखतो, पण धूसर राहतो. मी धूसर बाजूला राहिलो आणि कोपरा होता तसाच ठेवला.

मग हालचाल. इथे काय घडतं हे मी प्रत्येकाला आधी समजावून सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की फोटोत दडलेलं काहीतरी संगणक बाहेर काढतो. तसं काही नसतं. मी वापरतो त्या पद्धतीत दुसऱ्याच एका जिवंत माणसाचा व्हिडिओ घेतात. त्याच्या डोळ्यांचे, ओठांचे, जबड्याचे बिंदू पहिल्या चौकटीपासून किती आणि कुठे सरकले ते संगणक मोजतो आणि तेवढंच सरकणं फोटोतल्या चेहऱ्यावर चढवतो. चेहरा तुमच्या माणसाचा, हलणं परक्याचं. फोटोत ओठ मिटलेले असतील तर हसताना दिसणारे दातही त्याचे नसतात, ते संगणकाने रंगवलेले असतात. मान फार वळली तर झाकलेला कानही असाच कल्पनेतून येतो. म्हणून मी मान थोडीच वळू देतो.

दोन व्हिडिओ केले. एकात फक्त पापण्यांची उघडझाप आणि मानेची अगदी कमी हालचाल. दुसऱ्यात तिला हवं होतं ते हसू.

तिघं एकत्र आली. आधी नुसता दुरुस्त केलेला फोटो दाखवला. आईंनी सर्वांत आधी हनुवटीकडे बोट नेलं आणि म्हणाल्या, "तीळ राहिलाय." पहिला व्हिडिओ त्यांनी पुन्हा लावायला सांगितला, मग परत एकदा. काही बोलल्या नाहीत. काका हात बांधून मागे उभे होते, पण बघत होते.

हसू सुरू झालं आणि दोन-तीन सेकंदांत आई म्हणाल्या, "बंद करा. ते असे हसत नव्हते."

मी थांबवलं. त्यांनी सांगितलं, लहानपणी एका आजारानंतर मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्याची डावी बाजू कायमची दुबळी झाली होती. ओठाचा कोपरा भेगेमुळे खाली आलेला नव्हता, तो तसाच होता. हसताना उजवी बाजू तेवढी वर जायची. त्याची त्यांना लाज वाटे, म्हणून हसू आलं की पहिल्यांदा हात तोंडावर जायचा. फोटोत ओठ घट्ट मिटलेले होते तेही त्याचमुळे. माझ्या व्हिडिओतला परका माणूस दोन्ही बाजूंनी सारखा हसत होता, आणि संगणकाने ते हसू जन्मभर एका बाजूने हसलेल्या माणसाच्या तोंडावर बसवलं होतं.

एवढ्यात मुलगी म्हणाली, "पण आई, मला तर ते असेच आठवतात. मला उचलून घेतल्यावर अगदी असंच हसायचे."

व्हिडिओ बघून तिला मिनिटही झालं नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटलं होतं. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. २० जणांना त्यांच्या लहानपणीचा, गरम हवेच्या फुग्यात बसलेला बनावट फोटो दाखवला. ती सफर कधी झालीच नव्हती. काही मुलाखतींनंतर त्यातल्या निम्म्यांना ती थोडीफार किंवा नीटच 'आठवली'. तो नुसता स्थिर फोटो होता. इथे तर प्रत्यक्ष वडील हलत होते आणि आठवणीची जागा रिकामी होती. ज्यांनी माणूस पाहिलाय त्यांना बनावट हालचाल खटकते, त्यांच्याकडे ताडून बघायला काहीतरी असतं. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना ती भावते आणि तीच आठवण होऊन बसते. म्हणून मी जाणत्यांना आधी बोलावतो. त्यांच्याशिवाय चूक दाखवणारं कोणी नसतं.

काका पहिल्यांदाच बोलले. "दादाला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. फोटो काढायचा म्हटलं की हा गायब व्हायचा. आणि आपण त्याला चारचौघांसारखं हसवतोय."

माझ्यापाशी याला उत्तर नव्हतं, आजही नाही. युरोपातला जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा मृत व्यक्तींना लागू होत नाही. संमती मागायची तर मागे राहिलेल्यांकडेच, आणि इथे त्यांचंच एकमत नव्हतं. मुलीला तो व्हिडिओ हवा होता. तिचं म्हणणं मला पोकळ वाटलं नाही. "तुम्हा दोघांकडे खरं हसू आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे खोटंही राहू द्यायचं नाही का?"

यावर काकांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते पुढे येऊन तिच्यासमोर बसले, म्हणाले, "थांब, दाखवतो," आणि भावासारखं हसले. उजवा गाल वर, डावा जागच्या जागी, तळहात तोंडावर, आणि खांदे हलताहेत. आई एकदम मोठ्याने हसल्या. "तस्संच! आणि मान खाली घालायचे, ते विसरलात भावजी." काकांनी मान खाली घालून पुन्हा हसून दाखवलं. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

मग तिनेच विचारलं, काकांचा व्हिडिओ घेऊन तेच हसणं फोटोवर चढवता येणार नाही का? एका बाजूचं हसू जमलं असतं. पण हात नाही. ही पद्धत चेहऱ्याचे बिंदू धरून चालते. तळहात ओठांवर आला की बिंदू हरवतात, आणि फोटोत हात खालीच असल्याने बोटांच्या जागी गाल वितळल्यासारखा दिसतो. मजकुरावरून अख्खं दृश्य बनवणारी नवी साधनं हात आणतील, पण तो हात, ते खांदे त्यांचे नसतील, आणि चेहराही चौकटीगणिक सरकत दुसऱ्याच कोणाचा होऊ लागतो. वडिलांची म्हणून जी एक लकब होती, नेमकी तीच माझ्या यंत्राला जमणारी नव्हती.

मी सुचवलं की काकांना काका म्हणूनच चित्रित करू. भाऊ कसा हसायचा, कधी हसायचा, हे ते सांगतील आणि करून दाखवतील. बघणाऱ्याला कळेल की हे धाकटे भाऊ आहेत आणि आठवून सांगताहेत. काका तयार झाले. अर्धा-पाऊण तास बोलले. आई मधूनमधून दुरुस्त्या करत होत्या, त्याही तशाच ठेवल्या.

हसण्याच्या व्हिडिओचं काय करायचं, यावर मी आईंचा शब्द अखेरचा मानला. मुलीचा हक्क कमी होता म्हणून नव्हे. त्या माणसाला ओळखणारी व्यक्ती 'हा तो नाही' म्हणत असताना माझ्या हातून ते बाहेर जाणं मला पटलं नाही. तिघांच्या देखत फाइल पुसली. पापण्यांचा व्हिडिओ दिला, पण त्यावर 'ही हालचाल संगणकाने तयार केली आहे' हे अक्षरांतच, चित्राचा भाग करून टाकलं. बाजूला वेगळी चिठ्ठी जोडली तर ती पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते. आवाज घालायचा विषय निघाला नाही, निघाला असता तरी मी नाही म्हटलं असतं. डीप नॉस्टॅल्जिया आणणाऱ्यांनीही गैरवापर टाळण्यासाठी सुरुवातीला बोलणं जाणूनबुजून वगळलं होतं.

काही दिवसांनी मुलीचा फोन आला. ती हसण्याची फाइल खरंच पुसलीत का, तिने विचारलं. हो, म्हणालो. मग हेही सांगितलं की तिच्याकडे आता स्वच्छ फोटो आहे आणि तसं हसू तिला कुठेही काही मिनिटांत बनवून मिळेल, मी ते अडवू शकत नाही. बनवलंच तर त्यावर ती ओळ टाका आणि मुलांना दाखवण्याआधी काकांचा व्हिडिओ दाखवा, एवढं मागितलं. ती म्हणाली, मुलांना काकाआजोबांचं हसून दाखवणं आत्ताच पाठ झालंय. हसण्याच्या व्हिडिओचं अजून तिने ठरवलेलं नाही.