यंत्र बरोबर होते

डिसेंबरमधील त्या पहाटे पावणेसहाला केंद्रावरील तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, धुळीचं मशीन गेलंय. एकशे ऐंशी दाखवतंय. काल दुपारी छत्तीस होतं." पुण्यात नदीपात्राजवळ असलेल्या या केंद्रावर हवेतील सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, दर तासाला नोंद होते. या कणांसाठी आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. बारा-चौदा तासांत आकडा पाचपट झाल्यावर आधी यंत्राकडे बोट जाणे स्वाभाविक होते.

केंद्रावर पोहोचताच मी यंत्राची तपासणी केली. हे यंत्र कागदी फितीवर धूळ जमा करते आणि तीमधून बीटा किरण किती आरपार जातात यावरून धुळीचे वजन काढते. हवा ओढण्याचा वेग मिनिटाला १६.७ लिटर असायला हवा, तेवढाच भरला. फितीपाशी गळती नव्हती. खरी शंका दमटपणाची होती, कारण थंडीच्या पहाटे कण पाणी धरतात आणि आत येणारी हवा तापवणारा हीटर बंद पडला असेल, तर यंत्र ते पाणीही धूळ म्हणून मोजते. हीटर मात्र चालू होता. मग मी शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्राचा आलेख उघडला. तो वायू मोजण्याची पद्धत अगदी वेगळी आहे, त्याला ना फीत लागते ना धुळीचे वजन, आणि तरीही तो काल संध्याकाळी सातपासून चढत जाऊन पहाटेपर्यंत चौपट झाला होता. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रे एकाच वेळी, एकाच दिशेने बिघडत नाहीत.

"मग रात्री कोणी कचरा पेटवला असेल," तंत्रज्ञ म्हणाला. तसे असते तर आलेखात एखादे टोकदार शिखर दिसून तासाभरात ओसरले असते. इथे रात्रभर संथ चढ होता, वाऱ्याचा वेग जवळजवळ शून्य होता आणि आकाश निरभ्र होते. तंत्रज्ञाला केंद्रावरच थांबवून मी हातातला तापमापक घेऊन वेताळ टेकडीवर गेले. शहराच्या सखल भागापेक्षा ती सुमारे सव्वादोनशे मीटर उंच आहे. एरवी इतक्या उंचीवर हवा एक-दीड अंशाने थंड असायला हवी. साडेसातला मी फोनवरून खालचे तापमान विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नऊ पॉइंट चार." माझ्या हातातला तापमापक १४.१ दाखवत होता. खात्री पटावी म्हणून मी तो सावलीत धरून पाच मिनिटांनी पुन्हा वाचला. फरक तसाच होता.

भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. हिवाळ्यातील लांब, निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे गमावते आणि तिला चिकटलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. भोवतालच्या उतारांवरून अशीच गार, जड हवा ओघळून नदीच्या खोलगट भागात साचते. एरवी गाड्यांचा धूर आसपासच्या हवेपेक्षा उबदार असल्याने वर चढत जातो. पण वरची हवाच आधीपासून उबदार असेल, तर थोडे चढताच तो तिच्यापेक्षा थंड आणि जड ठरतो आणि तिथेच थांबतो. टेकडीवरून हे डोळ्यांनी दिसत होते. एका वीटभट्टीसारख्या चिमणीचा धूर थोडा वर येऊन जणू अदृश्य छताला टेकला होता आणि आडवा पसरला होता. खाली तपकिरी थर होता, त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती आणि तिच्यावर आकाश निळे होते.

केंद्रावर परतल्यावर मी तंत्रज्ञाला साधा हिशेब सांगितला. काल दुपारी तापलेली हवा घुसळून धूर हजार मीटर उंचीपर्यंत मिसळला असे धरले, आणि रात्री त्यासाठी दोनशेच मीटर उरले असे मानले, तर तेवढाच धूर पाचपट दाट होतो. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे, कारण रात्री वाहने कमी असतात, शेकोट्या जास्त पेटतात आणि थराची जाडीही सारखी नसते. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तर थर नीट बनतच नाही, म्हणून डिसेंबरमधील प्रत्येक पहाट अशी नसते.

आठ ते नऊच्या तासात आकडा आणखी चढून २१२ झाला, कारण शाळा-कचेऱ्यांच्या वाहनांची गर्दी सुरू झाली होती आणि ऊन अजून थराला भेदू शकले नव्हते. साडेदहानंतर जमीन तापली, खालची हवा वर उसळू लागली आणि दुपारी एक वाजता नोंद ५८ वर आली. त्या वेळी पुलावरची वाहतूक सकाळइतकीच होती. तंत्रज्ञाने नोंदवहीत रात्रीच्या आकड्यांपुढे "सदोष" असे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ते त्याने खोडले आणि "ग्राह्य, वारा शून्य, आकाश निरभ्र" असे लिहिले. सूर्य मावळताच कार्बन मोनॉक्साइडचा आलेख पुन्हा हळूहळू वर वळला.