तुम्ही विचारलंत म्हणून: मानेचं दुखणं आणि रात्रीचे मेसेज

"मॅडम, मान दुखते म्हणून आले. शेक झाला, व्यायाम झाले, खुर्चीसुद्धा बदलली. आणि तुम्ही विचारताय ऑफिसचे ग्रुप किती आहेत. त्याचा काय संबंध?"

पुण्यात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. येणाऱ्यांत आयटीवाले खूप, आणि त्यांची तक्रार जवळजवळ एकच: मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंतचा भाग दगड झालाय. तो ट्रॅपिझियस नावाच्या स्नायूचा वरचा भाग. बरीच वर्षं मी खुर्ची, स्क्रीनची उंची आणि बसण्याची पद्धत एवढंच बघत होते. मग एक दिवस असा आला की त्यानंतर मी फोनबद्दल विचारायला लागले.

हिंजवडीत टीम लीड असलेल्या एक बाई टेबलावर पालथ्या झोपल्या होत्या. वय अडतीस. माझा अंगठा त्यांच्या उजव्या खांद्यावर होता आणि दहा-बारा मिनिटांनी स्नायू कुठे जरा सैल पडायला लागला होता. तेवढ्यात ड्रॉवरमध्ये फोन थरथरला. अंगठ्याखाली स्नायू एकदम घट्ट झाला, खांदा कानाकडे सरकला, श्वास थांबला. बाईंनी डोळेही उघडले नव्हते. आणि तो फोन माझा होता. त्यांचा त्यांनी बाहेरच ठेवला होता.

दहा मिनिटांचं काम त्या एका थरथरीनं पुसून टाकलं. मग मी हिशोब मांडला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मी सैल करणार आणि बाकी सगळा आठवडा तो स्नायू तयारीत उभा राहणार.

स्नायूत तंतूंचे गट असतात. काम हलकं असेल तर आधी लहान गट उठतात, जोर लागला तरच मोठे गट मदतीला येतात. काम थांबेपर्यंत त्या लहान गटांना सुट्टी नाही. घरात सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर पाठ टेकणारी बाई असते ना, तशी त्यांची गत. एका स्वीडिश संशोधकानं 1990 च्या सुमारास ही कल्पना मांडली तेव्हा तिला सिंड्रेलाचंच नाव दिलं. ती कल्पना आहे, सगळ्या दुखण्यांचा उलगडा तीत नाही. पण नॉर्वेमध्ये पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांच्या याच स्नायूचे विद्युतसंकेत मोजले, तेव्हा एक गोष्ट दिसली. काम चालू असतानाही स्नायू मधूनमधून क्षणभर पूर्ण गप्प होतो, अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ. ज्यांच्यात अशा गप्प जागा कमी होत्या, त्यांना पुढे मान-खांद्याचं दुखणं लागण्याचं प्रमाण जास्त होतं.

म्हणजे भार किती होता यापेक्षा विसावा मिळाला की नाही, हे महत्त्वाचं. आणि हा स्नायू नुसत्या मनावरच्या ताणानंही कामाला लागतो. हात मांडीवर, पाठ टेकलेली, तरी तो चालू. मेसेज येईल, मलाच विचारतील, उत्तर द्यावं लागेल, ही वाट पाहणं त्याच्या दृष्टीनं कामच आहे.

दाढांचंही तसंच. ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचे नसतात. जेवण आणि गिळणं सोडलं तर त्यांच्यात फट हवी. हे वाचताना तुमचे दात कुठे आहेत ते बघा. त्या बाईंच्या कानशिलाचं दुखणं तिथूनच होतं, सकाळी उठल्यावर जबडा जड.

मी पहिल्यांदा त्यांना चुकीचा सल्ला दिला. "आठनंतर फोन बंदच करून टाका," म्हटलं. पुढच्या आठवड्यात खांदा आधीपेक्षा कडक. फोन त्यांनी बंद ठेवला होता, पण दर थोड्या वेळानं चालू करून बघत होत्या. आता आवाजही येत नसल्यामुळे कधी काय येऊन पडलंय ते कळेना. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल मी नंतर वाचलं. फोनवरच्या सूचना दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र मिळाल्या त्या लोकांना बरं वाटलं, हातातल्या कामाकडे लक्ष लागलं. सूचना पूर्ण बंद केल्या त्यांना मात्र तसा फायदा झाला नाही, उलट धास्ती वाढली. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. कान उघडे ठेवून आवाज बंद केला तर कान आणखी ताणतात.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी मोजलं. त्यांचा क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. यांचा दिवस संपतो तिथे त्यांचा सुरू होतो, म्हणून ग्रुप रात्री बारापर्यंत जागा. मी त्यांना साधी वही दिली. सात दिवस, रात्री आठनंतर आलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एक रेघ मारायची, आणि त्याच रात्री त्यांनीच उत्तर देणं गरजेचं असेल तर फुली. आठवड्यात त्रेसष्ट रेघा झाल्या. फुल्या दोन. आणि त्या दोन्ही वेळी समोरच्यानं मेसेज टाकून लगेच फोनही केला होता.

वहीचं ते पान बघून त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. खरी अडचण फोनवरच येते, मग बाकीचे एकसष्ट निरोप खांद्यानं कशाला वाहायचे?

मग त्यांनी मॅनेजरला समोर बसून सांगितलं, चॅटवर नाही: "रात्री आठनंतर मी ग्रुप बघणार नाही. सर्व्हर पडला किंवा क्लायंट अडकला तर फोन करा, मी उचलेन. बाकीचं सकाळी साडेनऊला बघते." उत्तर आलं, "चालेल की, तसा फोनच करतो आपण." मॅनेजरला हे सांगण्याची भीती त्यांनी चार वर्षं बाळगली होती. सगळीकडे इतक्या सहज होत नाही, हे मला माहीत आहे. पण नुसतं "मला त्रास देऊ नका" म्हटलं की समोरचा बिथरतो, आणि "कुठे गाठायचं ते सांगते" म्हटलं की त्याचीही चिंता मिटते. हे वाक्य कसं बोलायचं त्यावर मी हल्ली व्यायामापेक्षा जास्त वेळ घालवते.

फोनची मांडणी त्यानंतरची. डू नॉट डिस्टर्ब रोज आठला आपोआप सुरू होईल असं लावायचं, आणि मॅनेजर, घरचे, आईवडील एवढ्यांचेच कॉल आत येऊ द्यायचे. अनोळखी नंबरवरून खरंच निकड असेल तर तीही सोय आहे: अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत आणि आयफोनवर तीन मिनिटांच्या आत त्याच नंबरचा दुसरा कॉल आला, तर तो वाजतो. सेटिंगमध्ये तेवढं चालू आहे ना ते बघून घ्या. व्हायब्रेशन मात्र पूर्ण बंद. आवाजापेक्षा ती थरथर वाईट, कारण ती खिशातून थेट अंगाला लागते. ऑफिसचे ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकले की नवा मेसेज आला तरी ते वर येत नाहीत. तुमचं नाव घेऊन कुणी लिहिलं तर तेवढं दिसतं. निळ्या टिकेच्या भरवशावर राहू नका. ती बंद केली तरी ग्रुपमध्ये तुम्ही वाचल्याचं दिसतंच, म्हणून रात्री उघडायचंच नाही.

आणि आठ वाजता फोन चपलांच्या कपाटावर ठेवताना एक गोष्ट करायची. श्वास घेत दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, पाचपर्यंत मोजा, श्वास सोडत एकदम खाली सोडा. पाच वेळा. आधी मुद्दाम आवळायचं, कारण जो स्नायू वर्षानुवर्षं आवळलेला आहे तो आवळलेला आहे हेच कळेनासं होतं. सैल कसं वाटतं ते त्याला फरकातून कळतं.

पहिल्या आठवड्यात त्यांना खिशात फोन नसतानाही मांडीला थरथर जाणवायची. अनेकांना जाणवते, घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात सकाळचा जबडा हलका झाला. मानेला दीड महिना लागला, आणि व्यायाम चालू होतेच. नुसत्या फोननं बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण तेच व्यायाम आधी पाच महिने वाया जात होते.

ज्यांना असं वाक्य बोलताच येत नाही त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. नोकरीत नवीन, कंत्राटावर, घरचा हप्ता डोक्यावर. फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात 2024 पासून वेळेबाहेरच्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 साली अशा हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा, कारण एका माणसाच्या खांद्यावरचं ओझं प्रत्येक वेळी त्यानंच हिंमत करून उतरवायचं, हा न्याय नव्हे. तोवर अशा लोकांना मी पाळी लावायला सांगते. टीममध्ये चौघं असतील तर महिन्यातला एक आठवडा रात्रीचं एकानं बघायचं, बाकी तिघं खरोखर मोकळे. पाळीच्या आठवड्यात खांदा आवळला तरी चालेल, त्याला पुढे तीन आठवडे विसावा आहे.

एक मात्र नीट ऐका. हातात मुंग्या येत असतील, पकड सैल पडून वस्तू हातातून सुटत असतील, दुखण्याबरोबर ताप असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर फोनचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. जबडा किंवा डावा हात दुखतोय आणि छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तसंच दवाखान्यात, त्याच क्षणी.

तसं काही नसेल तर आजपासून वही सुरू करा. रात्री आठनंतरची रेघ आणि फुली, सात दिवस. पुढच्या वेळी येताना ती घेऊन या, व्यायाम त्यानंतर ठरवू.