पाऊस न पडणाऱ्या फिल्मचं गाणं

मित्राच्या लघुपटात पाऊस पडत नाही. राळेगाव तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी, मृग लागून गेलेलं, पेरणी अडलेली. चौदा मिनिटांत तो फक्त थांबतो. नवव्या मिनिटाला साधारण सव्वादोन मिनिटांची जागा मित्राने गाण्यासाठी ठेवली होती आणि कच्चं एडिट मला नागपूरला पाठवलं होतं.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला. त्यात काळी आई होती, तिची फाटलेली कूस होती, डोळ्यांतला पाऊस होता. मित्राला तो आवडला. त्याच्या काकांना नाही. गावात ओसरीवर बसून त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "चांगलं हाय. पन हे कोन बोलते? जूनमधी आमाले असं बोलाले येळ कुठी असते बाप्पा?"

त्या प्रश्नाने मला चार दिवस गावातच ठेवून घेतलं. तोवर मला वाटत होतं की वाट पाहणं म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसणं. काकांसोबत राहून कळलं की त्यात खरं तर हिशोब असतो. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, आर्द्रा त्यानंतर दोन आठवड्यांनी. पहिली सर आली म्हणून पेरलं आणि मग खंड पडला, तर अंकुर करपतो, बियाणं जातं, दुबार पेरणी गळ्यात येते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो. पण जास्त थांबलं तर कपाशीला उशीर होतो. काही जण कोरड्यातच धूळपेरणी करून मोकळे होतात. काका दर संध्याकाळी पलीकडच्या गावी फोन लावायचे. तिकडे पडला का आणि ओल किती खाली गेली, एवढंच विचारायचे. फोन ठेवला की बैलांकडे जायचे.

मला माझं गाणं तिथे सापडलं. या माणसाला दुःख सांगायचं नाही. त्याची सगळी तयारी झालेली आहे आणि पुढचं काम त्याच्या हातात नाही. गाण्यात भावना लिहायचीच नाही, केलेली कामं लिहायची, असं मी ठरवलं. 'पाऊस' आणि 'पाणी' हे दोन शब्दही वर्ज्य केले. पूर्ण फिल्म त्यांच्याबद्दलच आहे, मग गाण्याने ते पुन्हा कशाला म्हणायचे?

छंद शोधायला लांब जावं लागलं नाही. रोज रात्री देवळात भजन चालायचं आणि अभंगाचा साचा कानावर पडायचा: सहा अक्षरं, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड राहतो. तो आखूडपणा मला हवा होता. ओळ भरत येते आणि माणूस बोलता बोलता थांबल्यासारखी संपते. जोडाक्षर एकच मोजायचं आणि ऱ्हस्वदीर्घाची अट नाही, त्यामुळे बोलीतली वाक्यं मोडावी लागत नाहीत. तीनच कडवी ठेवली:

वखरून झालं,
थैली कोपऱ्यात,
तिफन दारात,
बसलो गा.

पुसलं पल्याड,
ओल बोटभर;
गेलं वाऱ्यावर
आभाय गा.

बैलाले पाजून
ओढलं गा दार,
अंगनी अंधार,
उद्या पाहू.

'आभाय' या शब्दावरून बरीच चर्चा झाली. मित्राला बाहेरच्या प्रेक्षकांसाठी 'आभाळ' हवं होतं. मी हटलो नाही. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो हे एक कारण होतंच, पण गाण्याच्या दृष्टीने दुसरं कारण मोठं होतं. 'ळ'वर जीभ वळते आणि सूर बंद होतो, 'य'वर तोंड उघडं राहतं आणि सूर विरत जाऊ शकतो. मात्र बोली मी तेवढ्यावरच थांबवली. प्रत्येक ओळीत 'मले', 'काऊन' घातलं असतं तर प्रेक्षक हसले असते. पडद्यावर वऱ्हाडी ऐकली की हसायचं ही सवय लोकांना लागलेली आहे आणि इथे ती मला नको होती.

संगीतकाराने पहिली चाल मल्हार अंगाची केली, खाली व्हायोलिनचा थर दिला. ऐकायला सुंदर होती, पण मल्हार सुरू झाला की कानाला पाऊस आलेलाच असतो. मग आम्ही एकेक वाद्य काढत गेलो आणि शेवटी गळा आणि एकतारी एवढंच उरलं. चौथा चरण त्याने षड्जावर आणला नाही, रिषभावर सोडला. घरी परतायच्या एक पायरी आधी उभं राहिल्यासारखं वाटतं. दोन कडव्यांमध्ये आठ सेकंदांची मोकळी जागा ठेवली, तिथे फक्त गोठ्यातला आवाज.

गायला भजनी मंडळातलेच एक काका मिळाले, साठीच्या आसपासचे. अभंगाचा साचा त्यांच्या तोंडात बसलेला होता, पण पहिल्या चार टेकमध्ये ते प्रत्येक 'गा'वर मींड घेत आणि आवाज रडवेला करत. गाणं शेतकऱ्याचं म्हटल्यावर असंच गातात, असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, आधी नुसतं बोलून दाखवा. शेजाऱ्याले सांगता तसं." त्यांनी बोलून दाखवलं. मग म्हटलं, "आता याच्यात फक्त सूर घाला, बाकी काही घालू नका." पाचवा टेक फिल्ममध्ये आहे. रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर केलं, भिंतींना गोदड्या टांगून आणि पंखा बंद करून. उकाड्याने ते घामाघूम झाले होते, तरी उठले नाहीत.

मग गाणं चित्रावर बसवलं आणि नवी चूक दिसली. 'तिफन दारात' म्हणताना पडद्यावर दारातली तिफण, 'आभाय' म्हणताना आभाळ. शब्द चित्राचं भाषांतर करत होते. आम्ही आवाज बंद करून तो भाग पाहिला, मग चित्र बंद करून ऐकला. जे दोन्हीकडे सारखं होतं ते एका बाजूने हलवलं. आता 'आभाय' येतं तेव्हा तो माणूस खाली पाहत दोरीची गाठ सोडवतोय. आभाळाचा शॉट आम्ही पुढच्या आठ सेकंदांच्या शांततेत नेला. एका ठिकाणी मात्र जमलं नाही: 'ओढलं गा दार' आणि दार ओढण्याचा शॉट अजून एकत्रच आहेत, कारण दुसरं फुटेज नव्हतं. मला ते अजून टोचतं.

मिक्सिंगच्या दिवशी मित्राने शेवटच्या चरणाखाली हळूच एक गडगडाट ठेवला होता. आशा म्हणून, तो म्हणाला. मी त्याला 'उद्या पाहू' गडगडाटासकट ऐकवलं आणि मग गडगडाट काढून ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्वतःच फेडर खाली ओढला. आता तिथे बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ एकदा वाजते, तो मान हलवतो म्हणून.