यूव्हीवर अडकलेला पोलरायझर

माझ्या ७७ मिलिमीटर व्यासाच्या लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम असतो आणि पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी कमी करण्यासाठी मी त्यावर पोलरायझर चढवतो. या वर्षी हंगाम संपल्यावर तो निघेना, म्हणून एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथे फिल्टरला हात लावण्यापूर्वीच सांगण्यात आले की कडी कापावी लागेल, काच फुटेल, लेन्स ठेवून जावी लागेल आणि लेन्सला काही झाले तर जबाबदारी आमची नाही. नेमका कोणता जोड अडकला आहे, एवढे पाहण्याचीही तसदी कोणी घेतली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

दोन फिल्टर एकावर एक असले की जोडही दोन असतात: यूव्ही आणि लेन्स यांचा एक, पोलरायझर आणि यूव्ही यांचा दुसरा. माझा पहिला जोड मोकळा होता. लेन्सच्या अगदी पुढच्या कडेला, आट्यांजवळ धरून यूव्हीची कडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवताच दोन्ही फिल्टर एकत्र बाहेर आले. झूमची किंवा फोकसची रिंग धरून जोर लावू नये, कारण तो सगळा जोर आतल्या यंत्रणेवर जातो. लेन्स बाजूला झाल्यावर धोका उरला तो फक्त फिल्टरांना.

खरी अडचण पुढे होती. पोलरायझरला दोन कड्या असतात. पुढची, काच बसवलेली कडी परिणाम जुळवण्यासाठी मोकळी फिरत राहते. आटे असतात ते मागच्या कडीला, आणि ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उंच असते. त्यामुळे पुढून कितीही फिरवले तरी फिल्टर फिरतो, पण सुटत नाही. साध्या फिल्टरला लागू पडणारा उपाय, म्हणजे सपाट रबरावर तो उपडा ठेवून हलक्या दाबाने फिरवणे, येथे निरुपयोगी ठरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली, तर ती दोन्ही कड्यांवर बसली आणि पुन्हा पुढचीच कडी फिरली. पट्टी अरुंद कापल्यावर ती मागच्या कडीवर नीट बसली, पण बोटांनी जोर लावताच कडी जागची हलेनाशी झाली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अ‍ॅल्युमिनियमची पातळ कडी दोन बाजूंनी चिमटीत धरली की किंचित लंबगोल होते आणि आटे अधिकच आवळले जातात. म्हणजे आपण जितके घट्ट धरू, तितकी ती घट्ट बसते.

फिल्टरचा पाना उपयोगी पडतो तो याचसाठी. हे प्लास्टिकचे अर्धवर्तुळाकार पाने जोडीने मिळतात आणि कोणत्या व्यासांसाठी आहेत ते त्यांवर लिहिलेले असते. ते कडीला बऱ्याच मोठ्या घेरावर टेकतात, त्यामुळे दाब एका जागी येत नाही. एक पाना यूव्हीच्या कडीवर बसवला, दुसरा पोलरायझरच्या मागच्या कडीवर, आणि घसरू नये म्हणून दुसऱ्याच्या आत ट्यूबची तीच अरुंद पट्टी घातली. पुढची कडी मोकळी फिरते ना, हे आधी तपासून घेतले. ती फिरत नसेल तर पाना तिच्यावरही बसला आहे असे समजावे.

मुठींची जागा महत्त्वाची असते. पोलरायझरची काच आपल्याकडे असताना त्याच्या पान्याची मूठ यूव्हीच्या मुठीपेक्षा थोडी घड्याळाच्या दिशेने पुढे ठेवावी, म्हणजे एकाच हाताने दोन्ही मुठी जवळ आणल्या की जोड सैल होतो. उलट ठेवल्यास त्याच जोराने तो आवळला जातो. दाब मुठींवरच द्यावा, पान्याच्या उघड्या तोंडावर नव्हे, नाहीतर कडी पुन्हा लंबगोल होते. सावकाश जोर वाढवत नेल्यावर एक बारीकसा कट् आवाज आला, आणि पुढचे आटे बोटांनीच उलगडले. दुकानदाराने काच फुटणारच असे सांगितले होते. दोन्ही काचा शाबूत आहेत.

फिल्टर फ्रीजमध्ये ठेवावा, असाही सल्ला मला मिळाला होता. दोन्ही कड्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतील तर त्या सारख्याच आकसतात, मग फायदा कसला. बाहेर काढल्यावर वर दव धरते ते वेगळेच. बाहेरची कडी पितळी आणि आतली अ‍ॅल्युमिनियमची असेल तरच थंडीने काही फरक पडेल. तेलाचा थेंब सोडण्याचा मोहही टाळावा, कारण पोलरायझरच्या काचांमध्ये पातळ पटल असते आणि कडेने तेल आत शिरले तर फिल्टर वाया जातो.

आट्यांत बारीक माती बसली होती. ती कोरड्या मऊ ब्रशने झाडली आणि पेन्सिलचे शिसे आट्यांवर हलकेच घासले. उरलेली भुकटी काचेवर येऊ नये म्हणून ती फुंकणीने उडवली. आता फिल्टर टेकला की मी थांबतो, वर आणखी पीळ देत नाही, आणि पोलरायझर लावायचा असेल तेव्हा यूव्ही आधी काढून ठेवतो.